डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहा
(चौल-रेवदंडा परिसरातील डॉक्टरांना एका रुग्णाचं जाहीर पत्र)



आपल्या निदानाबद्दल माझी तक्रार नाही. विनंती चिठ्ठीबद्दल आहे. मला बीपी आहे आणि साखरही, म्हणजे गोळ्या जन्मभराच्या. चिठ्ठीवर कंपनीने ठेवलेलं नाव असतं. आतलं औषध टेलमिसार्टन 40 मिलिग्रॅम आहे, हे मला पाकीट उलटून वाचल्यावर कळलं.

मेडिकलवाल्याला म्हटलं, "हेच औषध स्वस्तातलं द्या." तो म्हणाला, "चिठ्ठीवर आहे तेच द्यावं लागतं." मला वाटलं, टाळतोय. पण त्याचं बरोबर होतं. औषध नियमांतल्या 65व्या नियमानुसार, शेड्यूल एचमधलं औषध लिहून दिलेलं असेल तर दुकानदाराला त्याच्या बदली दुसरं देता येत नाही, आतला घटक तोच असला तरीही. बीपीच्या गोळ्या त्यातच येतात. त्यामुळे कायद्याने जाणाऱ्या दुकानदाराचे हात बांधलेले, आणि रुग्णाला तर औषधातलं काही कळत नाही. उरतं आपलं पेन.

आता हिशेब. समजा एका कंपनीची गोळी सात रुपयांना आहे आणि तेवढ्याच ताकदीची तीच गोळी दुसऱ्या पाकिटात दोन रुपयांना. रोज पाच रुपयांचा फरक, वर्षाचे 1825 रुपये. हे एका गोळीचं झालं. साखरेच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या धरल्या, आणि घरात नवरा-बायको दोघंही आजारी असले, तर आकडा कुठे जातो ते सुपारीच्या वाडीवर किंवा मासळीवर संसार चालवणाऱ्यालाच विचारा. मग माणूस काय करतो? एक दिवसाआड गोळी घेतो. आपल्याला सांगत नाही. पुढच्या खेपेला बीपी चढलेलं दिसतं आणि आपण डोस वाढवता.

ही काही आमची मेहेरबानीची मागणी नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत डॉक्टरांनी शक्यतो जेनेरिक नाव लिहावं असं होतं. 2016 मध्ये ते 'शक्यतो' गेलं. नाव सुवाच्य आणि जमल्यास कॅपिटल अक्षरांत लिहावं, अशी भर पडली. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम आणखी कडक केले, इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. स्थगिती नव्या नियमांना मिळाली. जुनी आचारसंहिता पुन्हा लागू झाली आणि तिच्यात हे कलम आहेच.

आपण म्हणाल, स्वस्त औषधाच्या दर्जाची खात्री कोण देणार? शंका रास्त आहे. पण नामांकित नाव म्हणजेही खात्री नव्हे. केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी काढतात, तीत ब्रँडची औषधंही असतात. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. आपण फक्त मूळ नाव लिहिलंत, तर कोणत्या कंपनीचं द्यायचं हे दुकानदार ठरवणार, आणि तो ज्यात जास्त सुटतात तेच पुढे करील. पाकिटावर छापील किंमत भरमसाट आणि त्याची खरेदी निम्म्याहून कमी, असंही घडतं. म्हणून दोन्ही लिहा: वर मूळ नाव, ताकद आणि प्रकार, खाली आपल्या विश्वासातल्या एखाद्या स्वस्त कंपनीचं नाव. प्रकार विसरू नका. मेटफॉर्मिन 500 साधी आणि सावकाश विरघळणारी एसआर या दोन वेगळ्या गोळ्या आहेत, अदलाबदल झाली तर साखरेचं गणित चुकतं.

जिथे बदल धोक्याचा, तिथे आम्ही हट्ट धरणार नाही. थायरॉइडची थायरॉक्सिन, फिटची फेनिटॉइन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन यांत मात्रेतला थोडा फरकही बाधतो. तिथे एकच कंपनी ठरवा आणि चिठ्ठीवर "बदलू नये" असं स्पष्ट लिहा. कंपनी बदलावीच लागली, तर रक्ततपासणी कधी करायची तेही सांगा.

आणि हे पत्रक हातात पडलेल्या रुग्णांना: डॉक्टरांना न विचारता औषध बदलू नका. एकाच घटकाचं औषध असेल तर 2018 पासून पाकिटावर त्याचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापावं लागतं. ते आणि पुढचा मिलिग्रॅमचा आकडा वहीत उतरवून घ्या. भावाची तुलना करताना पाकिटाची किंमत पाहू नका, एका गोळीची काढा, कारण कुठे पाकिटात दहा असतात तर कुठे पंधरा. जनऔषधी केंद्रात जायचं तर चिठ्ठी बरोबर हवी आणि तिच्यावर मूळ नाव असलं तर काम एका खेपेत होतं. नवं पाकीट आणलंत की पहिली गोळी घेण्याआधी जुनं आणि नवं दोन्ही डॉक्टरांना दाखवा, नाहीतर दोन वेगळ्या नावांची एकच गोळी दुप्पट घेतली जाते.

आपला,
चौलचा एक रुग्ण