गंजातील भाताची परीक्षा

संपादक महाशयांस,


भाताची परीक्षा एका शितावरून करावी, हे गतांकातील पत्रलेखकांचे म्हणणे घरच्या पातेल्यापुरते मान्य केले, तरी झरी जामणीकडे भंडाऱ्यासाठी चुलीवर चढणाऱ्या मोठ्या गंजास ते लागू पडत नाही. कारण तेथे तळचा भात गिच्च होत असता वरच्या, कडेच्या दाण्यात कणी राहते, म्हणून तळ, मध्य व कड अशा तिन्ही ठिकाणची शिते चिमटून पाहावीत. वरणाची डाळही तळातून ढवळूनच तपासावी. सकाळीच भात शिजवून झाकून ठेवण्याची त्या पत्रलेखकांची सूचना मात्र घातक आहे: शिजवण्यातूनही तगणारी जंतुबीजे कोमट भातात वाढून जे विष निर्माण करतात, ते पुन्हा तापवल्याने जात नाही. भात वाफाळता, ६० अंश सेल्सिअसच्या वर राखणे शक्य नसेल, तर पंगतीगणिक नवा गंज उतरवावा.

आपला,
एक वाचक, झरी जामणी