आरतीची पुस्तिका आणि पानांचा घोळ

गणपतीच्या आधी हुबळी-धारवाडच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक काम हमखास येते, ते म्हणजे घरगुती आरतीसंग्रह. आमच्याकडच्या घरांत तो दोन लिप्यांत लागतो. अज्जी देवनागरी वाचतात, तर कन्नड शाळेत गेलेली नातवंडे तीच मराठी आरती कन्नड अक्षरांत भराभर वाचतात. म्हणून डाव्या पानावर देवनागरी आणि समोर उजव्या पानावर कन्नड, अशी मांडणी सोयीची पडते. पण ए-फोर कागद मधोमध दुमडून ए-फाइव्ह पुस्तिका केली की पाने हमखास उलटसुलट होतात. त्याचे गणित एकदा समजून घ्यावे.

शेजारच्या घरची पुस्तिका पाहा. पान १ मुखपृष्ठ. २-३ वर गणपती, ४-५ शंकर, ६-७ देवी, ८-९ विठ्ठल, १०-११ दत्त आणि १२ मलपृष्ठ. एका दुमडलेल्या कागदाची चार पाने होतात, म्हणजे तीन कागद पुरले. दुकानदाराने `2 pages per sheet` निवडून दोन्ही बाजूंनी छापले. पहिल्या कागदावर १ आणि २, मागे ३ आणि ४. कागद एकात एक घालून दुमडले तर मुखपृष्ठ गेले पाठीमागे! गणपतीची मराठी आरती बाहेर आली आणि आत डावीकडे गणपती कन्नडमध्ये, तर उजवीकडे देवी मराठीत. अज्जी एक आरती म्हणणार आणि नातू दुसरीच!

खरे तर पुस्तिकेत शेजारी वाचायची पाने कागदावर शेजारी नसतात. पान ४ आणि ५ वाचताना समोरासमोर येतात, पण छापताना ४ च्या शेजारी ९ असते. फक्त मधली जोडी, ६ आणि ७, एकाच कागदावर शेजारी छापली जाते. नियम सोपा आहे. कागदाच्या एका बाजूवरील दोन पानांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे आपल्या १२ पानांत नेहमी १३.

पहिला कागद: १२ | १, मागे २ | ११
दुसरा कागद: १० | ३, मागे ४ | ९
तिसरा कागद: ८ | ५, मागे ६ | ७

छपाईच्या पर्यायांत `Booklet` असेल तर संगणक हे स्वतः मांडतो. मात्र पाने आधीच अशी जुळवून ठेवलेली फाइल पुन्हा `Booklet` मधून काढू नये, दुसऱ्यांदा उलथापालथ होते.

क्रम बरोबर पण मागची बाजू डोके खाली, पाय वर आली, तर दोष वेगळा. आडवा धरलेला कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, म्हणजे आखूड कडेवर. प्रिंटरमध्ये `Flip on short edge` हवे. एकाच बाजूने छापणारा प्रिंटर असेल, तर कागद परत घालताना गठ्ठ्याचा क्रम बदलू शकतो. सगळे छापण्याआधी एक पुस्तिका काढावी आणि पाहावे: १ च्या पाठीवर २ आणि १२ च्या पाठीवर ११ आहे का? १ च्या मागे ६ आले, तर गठ्ठा उलटा गेला असे समजावे.

एक गोष्ट मात्र आपल्या दोन लिप्यांचीच आहे. कन्नडमध्ये ओत्तक्षर ओळीच्या खाली लटकते, म्हणून ओळींत जास्त अंतर लागते. मराठीत एका पानात मावलेली आरती कन्नडमध्ये दोन ओळींनी पुढच्या पानावर सांडते. मग त्यापुढची प्रत्येक मराठी आरती उजवीकडे सरकते आणि तिची कन्नड जोडी पान उलटल्यावर दिसते. पाने तेरा झाली, की चारच्या पटीसाठी सोळा करावी लागतात, आणि शेवटी तीन कोरी राहतात. म्हणून कन्नड पाने आधी जुळवावीत, अक्षर थोडे लहान करावे आणि प्रत्येक आरती नव्या पानावर सुरू होईल असा पानतोड घालावा. मराठी आरती सम अंकाच्या पानावर आली, की जोडी समोरासमोर राहते.

दुकानात जाण्याआधी तीन कोरे कागद एकात एक दुमडा, पेन्सिलीने १ ते १२ आकडे आणि आरत्यांची नावे लिहा, मग उलगडून पाहा. छापखान्यात फर्मा जुळवायची रीतही अशीच आहे. हा नमुना दुकानदाराच्या पुढ्यात ठेवला, की मराठीत सांगा वा कन्नडमध्ये, समजायला अडचण येत नाही.