दंडमाफीचा अर्ज : विनंती कुठे संपते आणि हक्क कुठे सुरू होतो

आपल्या वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत एक अर्ज वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे. "मी अत्यंत गरीब घरातील विद्यार्थी असून माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीने विचार करून खात्यातून कापलेला दंड माफ करावा, ही नम्र विनंती." शाखा व्यवस्थापक हा अर्ज वाचतो, "वरून सिस्टीमच कापते, आमच्या हातात काही नाही" म्हणतो आणि विषय संपतो. अशा अर्जाला नाही म्हणणे फार सोपे असते, कारण त्यात बँकेने नेमके काय चुकीचे केले हे कुठेच लिहिलेले नसते. गरिबी लिहिलेली असते, पण ती बँकेची चूक नाही असे बँक म्हणू शकते.

मित्रांनो, किमान शिल्लक नसल्याबद्दल दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने मनाई केलेली नाही. किमान रक्कम किती असावी हे प्रत्येक बँक आपले ठरवते. मात्र दंड कसा घ्यावा यावर बंधने आहेत. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने ती घातली आणि १ एप्रिल २०१५ पासून ती लागू झाली. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने कळवायचे आणि शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायचा. दंड सरसकट नको, जेवढी तूट त्याच्या ठरावीक टक्क्यांत हवा. आणि केवळ या दंडामुळे खाते शून्याच्या खाली जाता कामा नये.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका विद्यार्थिनीचे खाते खाजगी बँकेत आहे. क्लासमध्ये पेपर तपासण्याचे काम होते तेव्हा ते उघडले होते. मासिक सरासरी शिल्लक ५,००० रुपये हवी आणि दंड तुटीच्या ६ टक्के, वर १८ टक्के जीएसटी. मे अखेर काम सुटले. जूनची सरासरी १,४०० रुपये, म्हणजे तूट ३,६०० आणि दंड जीएसटीसह २५४.८८ रुपये. जुलैची सरासरी १,१००, कपात २७६.१२. ऑगस्टची ५००, कपात ३१८.६०. तीन महिन्यांत गेले ८४९.६० रुपये.

पण रकमेपेक्षा तारखा महत्त्वाच्या आहेत. जूनचा दंड ८ जुलैला कापला आणि शिल्लक कमी असल्याचा पहिला निरोपही त्याच दिवशी, कापल्यानंतर आला. हा निरोप बँकेच्या बाजूने ओढून नोटीस मानला, तरी महिन्याची मुदत ८ ऑगस्टपर्यंत जाते. म्हणजे ८ जुलैची कपात मुदतीआधीची. जुलैचा दंड ६ ऑगस्टला कापला, तोही मुदतीआधीचा. या दोन कपाती मिळून ५३१ रुपये होतात आणि ते माफीचे नाहीत, परतीचे आहेत.

ऑगस्टचा दंड ८ सप्टेंबरला कापला तेव्हा खात्यात २१२ रुपये होते. खाते उणे १०६.६० वर गेले. पुढे शिष्यवृत्तीच्या निर्वाह भत्त्याचा हप्ता जमा झाला आणि त्यातून ही उणे रक्कम आधी वळती झाली. सरकारने शिकण्यासाठी दिलेला पैसा बँकेच्या दंडात गेला. आधीचे ५३१ रुपये कापले नसते तर खाते उणेत गेलेच नसते.

म्हणून अर्ज असा लिहा:

"विषय : किमान शिल्लक दंडाची परतफेड व उर्वरित दंडाची माफी.

महोदय, माझे बचत खाते आपल्या शाखेत आहे. मे अखेरीस माझे काम सुटल्याने जून ते ऑगस्ट मला उत्पन्न नव्हते. या काळात ८ जुलै, ६ ऑगस्ट आणि ८ सप्टेंबर रोजी एकूण ८४९.६० रुपये दंड कापला गेला. शिल्लक कमी असल्याची पहिली सूचना मला ८ जुलै रोजी मिळाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सूचनेनंतर किमान एक महिना मुदत देणे आवश्यक असल्याने पहिल्या दोन कपातींचे ५३१ रुपये परत जमा करावेत. तिसऱ्या कपातीमुळे खाते उणे झाले, हेही नियमाला धरून नाही. ती दुरुस्ती करावी. या महिन्यात मला उत्पन्न नव्हते, म्हणून उर्वरित दंडही माफ करावा, ही विनंती. यापुढे माझे खाते बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट खात्यात रूपांतरित करावे. खातेउतारा व एसएमएसच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. लेखी उत्तर मिळावे."

यात विनंती एकाच ठिकाणी आहे, जिथे बँकेला खरोखर निवड आहे तिथे. बाकी सगळी मागणी आहे. तुमच्या खात्यात बँकेने वेळेवर नोटीस दिली असेल, तर परतफेडीचा मुद्दा टिकणार नाही. तेव्हा खोटे लिहू नका, माफीच मागा. पण आधी उतारा काढून तारखा जुळवा.

शेवटची मागणी सर्वांत कामाची. बेसिक खात्याला किमान शिल्लकच नसते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. अट एवढीच की त्या बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. जुने खाते रागाने बंद करू नका. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते. जोडणी बदलायच्या आत ते बंद केले तर हप्ता अडकतो. रूपांतरात खाते क्रमांक बदलतो का, तेही आधी विचारा.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करा. त्याला शुल्क नाही.

"सही करताना अट वाचली नव्हती का?" असे कोणी विचारेलच. सही किमान शिल्लकेवर होती, नोटिशीशिवाय कापण्यावर नव्हती. आणि दंडाशिवाय बँका चालत नाहीत, हेही खरे नाही. स्टेट बँकेने २०२० मध्ये हा दंड बंद केला, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी केला. १ एप्रिल २०१४ च्या पतधोरणात खुद्द रिझर्व्ह बँकेने म्हटले होते की ग्राहकाच्या अडचणीचा गैरफायदा घेऊ नये. दंडाऐवजी सेवा तेवढ्या बेसिक खात्याइतक्या मर्यादित कराव्यात. नोव्हेंबरच्या नियमात मात्र दंड राहिला. लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या दंडातून सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले. शिल्लक ज्याच्याकडे नाही त्याच्याकडूनच ही रक्कम आली, कारण ज्याच्याकडे आहे त्याला हा दंड लागतच नाही.

ज्या महिन्यात कमाई शून्य, त्याच महिन्यात खाते ठेवण्याची किंमत सर्वांत जास्त, अशी ही उलटी रचना आहे. ती बदलेपर्यंत निदान तिचे स्वतःचे नियम तरी तिला पाळायला लावा. पुढच्या वेळी वसतिगृहात कोणी तो जुना "नम्र विनंती"चा अर्ज उतरवून घेताना दिसला, तर त्याला आधी खातेउतारा मागा.