‘महागाई गायब’ म्हणे!

उमरग्याच्या वार्ताहर मित्रांनी कात्रणांचा गठ्ठाच पाठवला. सोबतच्या पत्राचा सूर सौम्य नव्हता. १२ नोव्हेंबरला ऑक्टोबर २०२५ चे किरकोळ महागाईचे आकडे आले : एकूण दर ०.२५ टक्के, खाद्यपदार्थांचा उणे ५.०२. दुसऱ्या दिवशी अर्थपानांवर ‘महागाई गायब’, ‘स्वस्ताई अवतरली’ अशा थाटाचे मथळे झळकले. आणि उमरग्यात अंक टाकणाऱ्या पोराला गिऱ्हाईक विचारतंय, ‘स्वस्त कुठं झालंय, ते दुकान दाखव.’

गिऱ्हाईक चुकत नाही, आपला डेस्क चुकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच खाद्य महागाईचा दर १०.८७ टक्के होता. म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना येणारा किराणा-भाजीपाला वर्षभराने ११०.८७ रुपयांवर गेला आणि त्यावर ५.०२ टक्के उतरून ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे १०५ रुपये ३० पैशांवर आला. वर्षभरापूर्वीच्या मानाने उतार खरा, पण दोन वर्षांपूर्वीच्या मानाने पाच रुपये जास्तच. एकूण महागाईत तर स्वस्ताई औषधालाही नाही, कारण ०.२५ हा आकडा उणे नव्हे. भाव चढलेलेच आहेत, फक्त वर्षभरात फारसे आणखी चढले नाहीत. दर आणि पातळी यांतला हा फरक उपसंपादकाला समजावून सांगायचा म्हणजे कमालच झाली. पण एजन्सीची कॉपी संध्याकाळी येते, पान सोडायची घाई असते आणि सांख्यिकी मंत्रालयाच्या पत्रकामागे जोडलेले निर्देशांकांचे तक्ते कोणी उघडतच नाही. मागच्या वर्षीचा आकडा शोधायला दोन मिनिटे पुरतात.

त्या उणे आकड्याच्या आत काय दडले आहे तेही पाहा. डाळींचा गट १६ टक्क्यांहून अधिक उतरला, तर तेल-तुपाचा सुमारे ११ टक्के चढला. ‘डाळी उतरल्या, ग्राहकांना दिलासा’ हा मथळा मुंबईच्या आवृत्तीत चालेल. उमरग्याचा वाचक तूर पिकवतो. त्याच्या घरी ही बातमी २०२५-२६ चा हमीभाव ८,००० आणि बाजार त्याखाली, अशा रूपात पोहोचली. सोयाबीनची गंमत आणखी वेगळी. तेल महागलेले, पण सोयाबीन त्या हंगामाच्या ५,३२८ च्या हमीभावाखाली होते. आडतीवर पट्टी हातात घेऊन उभ्या शेतकऱ्याला हे कोडे वाटते आणि आपले अर्थपान ते सोडवत नाही. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते १८ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा-तांदळाचा चोथा पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागल्याने पेंडीचे भाव पडले, आणि पेंड पडली की तेलाची तेजी सोयाबीनला तारत नाही. ही बातमी उमरग्याच्या वार्ताहराला मोंढ्यात उभ्या उभ्या मिळते. ती मागवतो कोण?

उलट त्याला फर्मान येते ते भलतेच : ‘जिल्ह्यातील महागाईचा दर पाठवा.’ अहो, असा दर निघतच नाही! पत्रकात राज्याचा आकडा मिळतो, धाराशिवचा नाही. मग बिचारा दोन दुकानांतले भाव विचारून टक्केवारी बसवतो आणि ती छापून येते. भाव छापा की, टक्केवारी कशाला?

तुटीचेही तेच. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. मथळ्यात नुसते ‘तूट’ लिहिले तर कोणती, हे वाचकाने ओळखायचे काय?

अनुदानाच्या बातमीत तर आपण उघड दिशाभूल करतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. दुकानदाराने पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घेऊन विक्री नोंदवली की त्या नोंदीवर अनुदान जमा होते ते खत कंपनीच्या खात्यात. शेतकऱ्याला गोणी स्वस्त पडते हे खरेच, पण ‘शेतकऱ्यांच्या खात्यात खत अनुदान’ हे वाक्य साफ खोटे आहे. ते छापून आले की दुसऱ्या दिवशी लोक बँकेत पासबुक भरून घ्यायला रांग लावतात, आणि शिव्या खातो गावातला वार्ताहर.

तेव्हा डेस्कवरच्या मंडळींनो, येत्या १२ तारखेपासून एवढे कराच. महागाईच्या प्रत्येक बातमीत, पहिल्या तीन वाक्यांच्या आत, मागच्या वर्षी त्याच महिन्यात दर किती होता ते लिहा. खाद्य महागाई उणे असेल तर कोणता गट पडला आणि तो पिकवणारा वाचक आपल्या आवृत्तीत आहे का, हे पाहूनच ‘दिलासा’ शब्द वापरा. आणि तालुक्याच्या वार्ताहरांनी टक्केवारी पाठवणे बंद करून आठवड्याचे भाव पाठवावेत : माल कोणता, ओलावा किती, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण भाव, आवक किती. डेस्कने तरीही जिल्ह्याचा दर मागितला, तर तो निरोप जसाच्या तसा आमच्याकडे धाडा. पुढच्या अंकात छापू.