लायसन्स नसताना गाडी पडली, तर क्लेम कुणाचा?

दुचाकी घसरून पडली आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हते म्हणून कंपनीने क्लेम नाकारला, की अहिल्यानगर जिल्ह्यात एकच तक्रार ऐकू येते: हप्ता घेताना लायसन्स विचारले नाही, मग पैसे देताना कशाला विचारता? या तक्रारीमागचा राग समजण्यासारखा आहे, पण तिचा पाया कच्चा आहे. विमा गाडीचा असतो आणि वर्षभरात ती कोण कोण चालवणार हे हप्ता भरताना मालकालाही ठाऊक नसते. म्हणून तर पॉलिसीतच अट घातलेली असते की, अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवे. शिकाऊ लायसन्सही चालते, मात्र त्याचे नियम पाळलेले हवेत. ही अट छापील पॉलिसीत असते. क्लेम आल्यावर कुणी ती नव्याने काढत नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. लायसन्स नसलेल्या माणसाने दुसऱ्याला धडक दिली तरी जखमीला विमा कंपनीकडून पैसे मिळतात, मग आपल्याच गाडीला का नाहीत? स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली जखमींच्या बाजूने कौल दिला, हे खरे. पण तो रस्त्यावरच्या तिऱ्हाइताच्या संरक्षणासाठी होता, कारण मालकाने लायसन्स पाहिले की नाही याच्याशी त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसतो. लक्ष्मी नारायण धुत खटल्यात २००७ साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, मालकाच्या स्वतःच्या नुकसानीला तो न्याय लागू नाही. तिथे प्रश्न करार करणाऱ्या दोघांमधला असतो आणि गाडीची किल्ली कुणाच्या हाती द्यायची हे मालकच ठरवतो.

मग येतो पंचाहत्तर टक्क्यांचा आग्रह: अट मोडली असली तरी मंजूर होऊ शकणाऱ्या रकमेचा निदान तेवढा भाग तरी द्या. राहुरीचा एक मालक कल्पून आकडे मांडू. त्याची गिअरची मोटारसायकल साडेतीन वर्षांची आहे. पुतण्याकडे फक्त विनागिअर स्कूटरचे लायसन्स आहे. नगर-मनमाड रस्त्यावर तो वळणावर घसरला. गॅरेजचे अंदाजपत्रक असे: लोखंडी भाग ८,००० रुपये, प्लास्टिक ४,०००, मजुरी २,०००. या वयाच्या गाडीला लोखंडावर २५ टक्के आणि प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात. उरले ६,०००, २,००० आणि २,०००. सक्तीचे १०० रुपये वजा केले की ९,९०० होतात. त्याचे पंचाहत्तर टक्के ७,४२५. वकील यासाठी २०१० सालच्या अमलेंदू साहू निकालाचा दाखला देतात. पण तिथे खासगी विम्याची गाडी भाड्याने वापरल्याचा आक्षेप होता. चालवणाऱ्याच्या लायसन्सचा नव्हता. तो निकाल इथे जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. पुतण्या ज्या कौशल्याची परीक्षा देऊन उत्तीर्ण झालाच नव्हता, नेमके तेच कौशल्य वळणावर लागत होते. इथे अटीचा भंग आणि नुकसान यांचा थेट संबंध आहे, म्हणून क्लेम नाकारणे योग्य. ‘दोष खड्ड्याचा होता’ असे कुणी म्हणेल. खड्ड्याची जबाबदारी रस्ता सांभाळणाऱ्यांवर आहेच, पण खड्डा पाहून वेग कमी करणे हेही लायसन्सच्या परीक्षेतलेच काम आहे.

पण हाच तर्क कंपन्यांनाही बांधतो, आणि इथे मी मालकाच्या बाजूने उभा आहे. जितेंद्रकुमार खटल्यात यांत्रिक बिघाडाने मोटार पेटली होती. चालवणाऱ्याचे लायसन्स वैध नव्हते, तरी आगीत त्याचा काहीच हात नव्हता, म्हणून २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने नकार अमान्य केला. तेव्हा दारात उभी केलेली दुचाकी मागे येणाऱ्या टेम्पोने पाडली असेल, तर ती तिथे कुणी आणून लावली होती हे विचारून क्लेम फेटाळता येऊ नये. आणि अट मोडल्याचे सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच असतो. ‘लायसन्स नाही’ एवढी एक ओळ लिहून तिची सुटका होत नाही.

या सगळ्यात सर्वांत घातक सल्ला गॅरेजवर मिळतो: फॉर्मवर लायसन्सवाल्या भावाचे नाव टाका. दवाखान्याच्या कागदावर जखमी म्हणून पुतण्याचे नाव असते, आणि सर्व्हेअरने दोन कागद शेजारी ठेवले की नऊ-दहा हजारांचा क्लेम खोट्या निवेदनाचे प्रकरण होतो. मुदत संपलेल्या लायसन्सबाबतही जुन्या समजुतीवर विसंबू नका. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवस ते वैध धरले जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली.

म्हणून किल्ली देण्याआधी लायसन्सची तारीख आणि गिअरचा वर्ग पाहा. आणि गाडी उभी असताना झालेल्या नुकसानीचा क्लेम केवळ लायसन्सवरून फेटाळला असेल, तर नकाराचे पत्र घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.