कोपऱ्यातली नारिंगी तारीख

नव्वदच्या दशकातला घरचा अल्बम उघडला की बऱ्याच फोटोंच्या उजव्या कोपऱ्यात खाली नारिंगी आकडे चमकताना दिसतात. कॅमेऱ्याच्या पाठीतलं छोटं घड्याळ फोटो काढतानाच फिल्मवर तारीख उमटवायचं. त्या काळी ही सोय भारी वाटायची. आता तोच फोटो मोठा करून फ्रेममध्ये लावायचा म्हटलं की स्टुडिओत पहिली मागणी येते, "तेवढी तारीख काढून द्या." पोरगा फोनवर बोट फिरवून तीन सेकंदांत तारीख घालवतो, मग स्टुडिओवाला तासभर काय करतो, असा प्रश्न लगेच पुढे येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र आकड्यांच्या मागे काय आहे, यावर ठरतं.

फोटो लग्नातला आहे असं धरू. चार बाय सहा इंचांची प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन केली की २४०० बाय ३६०० पिक्सेलची फाइल मिळते. तारखेचा आकडा प्रिंटवर जेमतेम अडीच मिलिमीटर उंच असला तरी स्कॅनमध्ये साठेक पिक्सेल उंच होतो. सहा आकडे ओळीने धरले तर चारेकशे पिक्सेलांची पट्टी. तिचा डावा अर्धा भाग हॉलच्या फिकट भिंतीवर आणि उजवा अर्धा नवरीच्या पैठणीच्या काठावर. एकाच तारखेत दोन वेगळी कामं आहेत.

भिंतीचा भाग आधी उरकू, कारण तिथे वादाला जागा नाही. फोटोशॉपचं Remove टूल घ्यावं, आकड्यांवरून ब्रश फिरवावा, झालं. भिंतीचा रंग सावकाश बदलत जातो, त्यावर ओळखीची अशी कोणतीही खूण नसते आणि यंत्राचा अंदाज चुकला तरी तो कुणाच्या नजरेत भरत नाही. इथे हाताने क्लोन मारत बसणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि स्वतःची पाठ, दोन्ही वाया.

भिंतीवर यंत्र एकाच ठिकाणी उघडं पडतं. जुन्या प्रिंटमध्ये फिल्मचे दाणे दिसतात, काहींच्या कागदाला रेशमी पोत असतो आणि स्कॅनमध्ये तो स्पष्ट उतरतो. यंत्राने भरलेला तुकडा बरेचदा त्याहून गुळगुळीत निघतो. शंभर टक्के झूमवर हे सहज निसटतं. वरती कर्व्ह्जचा एक तात्पुरता लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवला की भिंतीवर ठिगळ लगेच दिसतं. थोडा नॉइज घालून दाणे जुळवले की भिंतीचं काम संपलं.

काठावर गोष्ट बदलते. तो मुनिया काठ आहे, म्हणजे ओळीने बसलेले राघू. एका राघूची चोच आणि पुढच्याची शेपटी आकड्यांखाली गेलेली. जनरेटिव्ह फिल या जागेवर काहीतरी सोनेरी आणि हिरवं विणून देतं. लांबून ते झकास दिसतं. जवळ गेलं की राघूचा ठिपका झालेला असतो आणि काठाची सरळ कड पिक्सेल-दोन पिक्सेल सरकलेली असते. फोटोशॉप सहसा एका वेळी तीन पर्याय देतं आणि तिन्हींत राघू वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडलेला सापडतो. "दुसरा पर्याय ठीक आहे, फक्त चोच जरा डावीकडे घे" असं सांगून नेमकं तसंच मिळेल, याची खात्री मात्र नसते. पुन्हा बटण दाबायचं आणि काय पदरात पडतं ते बघायचं. नक्षी कशी होती हे यंत्राला ठाऊक नाही. अशा जागी साधारण काय असतं, एवढंच ते सांगू शकतं.

हातकाम करणाऱ्याच्या बाजूने इथे एक गोष्ट असते, जी अनेक स्टुडिओंतही वापरली जात नाही. तारखेचा प्रकाश फिल्मवर बहुधा मागच्या बाजूने पडायचा. रंगीत निगेटिव्हमध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सर्वांत मागे असतो, त्यामुळे मुख्य मार तोच खातो. निळ्याचा थर पुष्कळदा बचावतो. फोटोशॉपच्या Channels पॅनेलमध्ये जाऊन फक्त Blue उघडलं की लाल चॅनेलमध्ये ठळक असलेले आकडे फिके पडलेले दिसतात आणि त्यांच्या आड राघूची चोच असते. तारखेखालचं चित्र सगळं पुसलं गेलेलं नव्हतं!

निळं चॅनेल मात्र जसंच्या तसं चिकटवता येत नाही. सोनेरी जर त्यात काळपट दिसते, कारण पिवळ्या रंगात निळा फारसा नसतो. म्हणून ते नकाशासारखं वापरायचं. चोच कुठे संपते आणि काठाची कड कुठून जाते, हे त्यावरून ठरवायचं. खरे पिक्सेल आणायचे ते शेजारच्या, न बिघडलेल्या राघूवरून. वर रिकामा लेयर घ्यायचा, क्लोन स्टॅम्पचं सँपलिंग Current & Below वर ठेवायचं, ब्रश लहान आणि कड थोडी मऊ. शेजारच्या राघूच्या डोळ्यावर Alt दाबून क्लिक करायचं आणि तोच बिंदू नकाशातल्या डोळ्यावर नेमका बसवायचा. उजेडाचा फरक उरला तर नंतर कर्व्ह्जने सांधायचा. हीलिंग ब्रश इथे मोहात पाडतो, पण तो आजूबाजूचे रंग मिसळतो आणि काठाच्या कडेपाशी हिरवा डाग ओढून ठेवतो. कडा क्लोनने आणि सपाट भाग हीलिंगने, हा जुन्या टचिंगवाल्यांचा क्रम आजही बरोबर आहे.

फोटो व्हॉट्सअॅपवरून आला असेल तर ही युक्ती जवळपास निकामी होते. जेपीइजी रंगाची माहिती उजेडाच्या मानाने बरीच कमी साठवतं, त्यात दाब जास्त असला की निळं चॅनेल चौकोनी धुक्यासारखं होतं. प्रिंट हाताशी असेल तर ती पुन्हा स्कॅन करून टिफमध्ये ठेवावी. प्रिंटच नसेल तर काठावरही यंत्राचा अंदाज किंवा शेजारचा राघू, एवढेच दोन मार्ग उरतात.

नियंत्रणाचा आणखी एक पैलू गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. फोटोशॉपमध्ये यंत्राने भरलेला भाग वेगळ्या लेयरवर ठेवता येतो, बाकी फोटोला धक्का लागत नाही. फोनवरची काही अॅप मात्र संपूर्ण चित्र नव्याने साठवतात, कधी आकाराने लहान करून. तपासणी सोपी आहे. मूळ फाइल खाली, सुधारलेली वर, वरच्या लेयरला Difference मोड. तारखेची जागा सोडून सगळं काळं दिसलं तर ठीक. हातातल्या बांगड्या, मागच्या स्वागताच्या फलकावरची अक्षरं असं काही उजळलं, तर तिथेही फेरफार झालेला आहे. फलकाची देवनागरी विशेष जपावी. निवडलेला भाग अक्षराला नुसता चाटून गेला तरी वेलांटीच्या जागी भलतंच वळण येऊ शकतं.

हिशेब मांडायचा तर भिंत, आकाश, गवत, जमीन यंत्राकडे द्यावी. काठ, दागिना, अक्षर आणि चेहऱ्याजवळचं काहीही हातानेच करावं, निदान जिथे नक्षी पुन्हा येते किंवा निळ्या चॅनेलमध्ये शाबूत असते तिथे. नुसता फोनच्या पडद्यावर बघायचा फोटो असेल तर एवढा खटाटोप नको, यंत्राचा राघू तिथे खपून जातो. बारा बाय अठराच्या प्रिंटवर तो खपत नाही.

आणि तारीख पुसण्याआधी ती फाइलच्या माहितीत, Date Taken या रकान्यात, लिहून ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ त्या काळी बरेचदा चुकीचं लावलेलं असायचं, तेव्हा घरातल्या थोरांना विचारून लिहिलेली बरी. मूळ स्कॅनला हात न लावता तो वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या.