सव्वा तासाच्या व्याख्यानातून पाच क्लिप

गेल्या रमजानच्या तीन आठवडे आधी आमच्या रोह्यात मोहल्ल्यातल्या बायकांनी एक व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता मधुमेह आणि रोजा. डॉक्टरबाई बाहेरगावच्या होत्या, पण बोलल्या अगदी घरातल्यासारख्या. मी मोबाइल तिकाटण्यावर आडवा लावून सगळं रेकॉर्ड केलं. १ तास १४ मिनिटं भरलं. दुसऱ्या दिवशी त्याची लिंक ग्रुपवर टाकली. चार जणींनी अंगठा दाखवला आणि बहुधा त्या चौघींनीही ते पाहिलं नाही. सेहरी-इफ्तारच्या तयारीत कोणाला सव्वा तास बसायला वेळ आहे?

मग सगळ्यांचं म्हणणं पडलं, "बाई, तुम्ही शाळेत व्हिडिओ करता, याचे छोटे छोटे उभे तुकडे करून द्या." मी हो म्हटलं. आणि पहिल्याच तुकड्यात चूक केली. ती चूक आधी सांगते, कारण या कामातली खरी मेख तिथेच आहे.

अठराव्या मिनिटाला डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की ज्यांना दिवसातून एकदाच गोळी आहे, त्यांची वेळ बहुधा इफ्तारला नेता येते. वाक्य सुरेख होतं, आवाज स्वच्छ होता, चेहराही समोर होता. मी ४४ सेकंदांचा तुकडा कापला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'रोज्यात गोळी इफ्तारला घ्या'. त्यानंतर हॉलमधला माइक शिट्टी मारू लागला होता, कोणी मध्येच काही विचारलं होतं, म्हणून पुढचा भाग मी सोडून दिला. त्या गडबडीनंतर, एकोणिसाव्या मिनिटाच्या शेवटी, त्यांनी वाक्य पुरं केलं होतं. दोन वेळा गोळी असेल किंवा इन्सुलिन असेल तर ही रीत चालत नाही, सेहरीच्या वेळचा डोस बहुतेकदा कमी करावा लागतो, आणि तो किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

माझी खाला पेणला असते. तिला सकाळ-संध्याकाळ गोळी आहे. तिने माझी क्लिप पाहिली, आणि भाचीनेच पाठवलंय म्हटल्यावर दोन्ही गोळ्या इफ्तारला घेतल्या. तरावीहच्या वेळेला घाम फुटला, हात थरथरू लागले. सुनेने प्रसंगावधान ठेवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली आणि साखर तपासली, ५८ होती. अल्लाहचं करम की पुढे काही वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने फोनवर मला एवढंच विचारलं, "बेटी, तू पाठवलेल्यात दोन गोळ्यांचं काही नव्हतं ना गं?" नव्हतं.

तुकडा खोटा नव्हता, त्यातला शब्दन् शब्द डॉक्टरबाईंचाच होता. हॉलमध्ये बसलेल्या बाईला एक मिनिटाने पुढचं कळलं होतं. क्लिप पाहणाऱ्या बाईला तो एक मिनिट नसतोच. तिच्यासाठी व्याख्यान ४४ सेकंदांतच सुरू होतं आणि संपतं.

मी ती क्लिप सगळीकडून काढली, चुकीची दुरुस्ती त्याच ग्रुपवर लिहून पाठवली आणि काम पहिल्यापासून हाती घेतलं. या वेळी कापायला नाही, ऐकायला बसले. त्या आठवड्यात पेणला खालाकडे जाणं-येणं चालू होतं. रोह्याहून गाडीत बसलं की निडी, नागोठणे, कासू, मग पेण. कानाला हेडफोन आणि मांडीवर वही. वहीत तीन रकाने पाडले. पहिल्यात मिनिट-सेकंद, दुसऱ्यात डॉक्टरबाई इथे कुठल्या प्रश्नाचं उत्तर देताहेत तो प्रश्न, तिसऱ्यात ते उत्तर कुठे पुरं होतं. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. उत्तर पुष्कळदा बोलणं थांबतं तिथे संपत नाही. 'पण', 'मात्र', 'फक्त एवढंच की' असे शब्द कधी अर्ध्या मिनिटाने येतात, कधी पार शेवटच्या सवाल-जवाबात.

अशा अकरा जागा निघाल्या. त्यांतल्या सहा बाद केल्या. काही ठिकाणी 'मघाशी सांगितलं तसं' किंवा 'आता हा दुसरा प्रकार' असं होतं. पहिला प्रकार ज्याने ऐकलाच नाही त्याला दुसऱ्याचं काय करायचं? एका ठिकाणी हॉलभर हशा पिकला होता, मला ती जागा फार आवडली होती, पण तो विनोद दहा मिनिटं आधीच्या गोष्टीवर होता. घरी अब्बांना दाखवला तर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. अब्बा व्याख्यानाला नव्हते, म्हणून माझी प्रत्येक क्लिप आधी त्यांना. एकदाच दाखवायची, मग विचारायचं, "काय सांगितलं?" त्यांनी सांगितलेलं आणि डॉक्टरबाईंना म्हणायचं होतं ते जुळलं नाही, तर दोष अब्बांचा नाही.

आता गोळीच्या क्लिपचं पाहा. नवी क्लिप दोन तुकडे जोडून केली. १८:०५ ते १८:४९ हा जुना, आणि १९:३७ ते २०:०२ हा राहून गेलेला. ४४ आणि २५, मिळून ६९ सेकंद. मधला माइकचा गोंधळ गेला. जोड लपवायची नाही असं मी ठरवलं. पुष्कळ जण जोडाच्या जागी चित्र जरा मोठं करतात, म्हणजे बोलणं सलग वाटतं. मी तिथे क्षणभर काळा पडदा ठेवला, पाहणाऱ्याला कळावं की मधलं काही गाळलं आहे. वरचं शीर्षकही बदललं, 'गोळी दिवसातून एकदा की दोनदा? दोन्हींची रीत वेगळी'. शीर्षक हे अर्धं उत्तर असतं. घाईतला माणूस तेवढंच वाचून पुढे सरकतो, म्हणून त्यात हुकूम लिहू नये, अट लिहावी. आणि जोडलेली क्लिप बाहेर पाठवण्याआधी डॉक्टरबाईंना पाठवली. दुसऱ्याच्या तोंडची वाक्यं आपण पुढे-मागे केली असतील, तर त्याची परवानगी घ्यायलाच हवी. त्यांनी एक दुरुस्तीही सांगितली: शेवटच्या शब्दानंतर लगेच कापू नका, दोन सेकंद राहू द्या, 'डॉक्टरांनीच ठरवायचं' हे कानात उतरलं पाहिजे.

कापताना वाक्याच्या पहिल्या अक्षरावर कात्री लावली की पहिला शब्द अर्धवट ऐकू येतो. वक्ता श्वास घेतो तिथून सुरू करावं. आणि 'तर', 'म्हणून', 'त्यामुळे' यांनी क्लिप सुरू होत असेल तर समजावं की कारण मागे राहून गेलं आहे.

आडव्याचं उभं करणं हा वेगळाच ताप. माझं रेकॉर्डिंग १९२० रुंद आणि १०८० उंच होतं. मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठी त्यातून जी पट्टी निघते ती जेमतेम ६०८ रुंद, म्हणजे चित्राचा तिसरा हिस्साही नाही. ती ताणून पडदाभर केली की चेहरा थोडा धुरकट होतो. तेवढं चालतं. पण डॉक्टरबाई दोन पावलं बाजूला सरकल्या की पट्टीत नुसता खांदा उरतो. म्हणून एकच चौकट ठेवून भागत नाही, त्या हलतील तशी हलवावी लागते. पुढच्या वेळी मी मोबाइल 4K वर ठेवणार आहे. जागा जास्त खातो, पण उभी पट्टी कापूनही चित्र स्वच्छ राहतं.

याहून मोठी अडचण पडद्याची. एकविसाव्या मिनिटाला डॉक्टरबाई मागच्या पडद्याकडे बोट करून म्हणतात, "साखर या आकड्याच्या खाली गेली किंवा या आकड्याच्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडायचा, मगरिबला दहा मिनिटं राहिली असली तरी." हॉलमध्ये सगळ्यांना आकडे दिसत होते. उभ्या पट्टीत फक्त बाई आणि त्यांचं बोट. अख्ख्या व्याख्यानातली सर्वांत कामाची गोष्ट, आणि तीच क्लिपमध्ये आंधळी झालेली. म्हणून मी पडद्याचे दोन भाग केले. खाली बोलणाऱ्या डॉक्टरबाई, वर मोठ्या अक्षरांत '७० च्या खाली' आणि '३०० च्या वर'. त्यांची स्लाइड जशीच्या तशी लावून पाहिली होती, पण हॉलच्या भिंतीवर वाचता येणारी अक्षरं मोबाइलवर मुंगीएवढी होतात.

आकड्यांवरून आठवलं. खालची अक्षरं म्हणजे सबटायटल मोबाइल आपोआप काढतो, आणि आपलं बोलणं मराठी, उर्दू, इंग्रजी मिसळलेलं. माझ्याकडे त्याने 'सत्तर'चं 'सतरा' केलं होतं. पुष्कळ बायका मुलं झोपलेली असताना आवाज बंद करून पाहतात, त्यांना सतराच दिसलं असतं. म्हणून आकडे, औषधांची नावं आणि 'नाही' हा शब्द मी प्रत्येक क्लिपमध्ये बोट ठेवून तपासते. अक्षरं दोन ओळींपेक्षा जास्त नकोत, आणि अगदी तळाला किंवा उजव्या कडेला नकोत, तिथे शॉर्ट्स आणि रीलची बटणं आणि नावं येतात.

सवाल-जवाबातून एकच क्लिप निघाली. मागच्या रांगेतून कोणी विचारलं होतं, बोट टोचून साखर तपासली तर रोजा तुटतो का? प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये ऐकूच येत नव्हता, नुसती पुटपुट. तो मी सुरुवातीला चार सेकंद लेखी दाखवला. विचारणारीचा आवाजही ठेवला नाही, तिने काही आपला आवाज गावभर फिरवायला सांगितलं नव्हतं. उत्तरात डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, बहुतेक उलेमांच्या मते तुटत नाही, तरी आपल्या मौलानासाहेबांना विचारून घ्या. हे 'तरी' कापलं असतं तर क्लिप तीन सेकंदांनी आटोपशीर झाली असती.

लांबीची पूर्वीसारखी ओढाताण आता नाही. यूट्यूबच्या शॉर्ट्सला आधी एका मिनिटाची मर्यादा होती, ऑक्टोबर २०२४ पासून ती तीन मिनिटं झाली. त्यामुळे ६९ सेकंदांची क्लिप ६० मध्ये कोंबण्यासाठी एखादी अट उडवायची वेळ येत नाही. माझ्या पाचही क्लिप पाऊण ते दीड मिनिटाच्या आहेत. प्रत्येकीवर शेवटपर्यंत कोपऱ्यात बारीक अक्षरांत डॉक्टरबाईंचं नाव, रोहा, आणि व्याख्यानाची तारीख. खाली पूर्ण व्याख्यानाची लिंक दिली तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवताना ती गळून पडते, चित्रावर लिहिलेलं मात्र गळत नाही. तारीख तर हवीच, औषधाचा सल्ला चार वर्षांनी फिरत आला तर पाहणाऱ्याला तो किती जुना आहे हे कळायला हवं.

नवी गोळीची क्लिप सगळ्यांत आधी खालाला पाठवली. तिने ती पाहिली, मग सुनेला हाक मारून दाखवली, आणि मला फोन करून म्हणाली, "हे ठीक आहे. पण ते काळं का होतं मध्येच? माझा मोबाइल बिघडला की काय?"

काळ्या पडद्यावर आता मी 'काही भाग गाळला आहे' असं लिहिते.